कोटेशने अकरा, टंकयंत्र एकच

सन २०२३ च्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील बारा पोरांचे पैसे माझ्या सहीने बुडाले. रक्कम ७,१८८ रुपये. मोठ्या माणसांना ती किरकोळ वाटेल, पण त्यातले ४,८०० रुपये पोरांनी घामाच्या कमाईतून दिले होते आणि उरलेले मंडळाच्या वर्गणीतले होते. मंडळाचा चिटणीस मी, आणि वस्तू निवडणाराही मीच. बी.कॉम. झालेला माणूस, वीस-बावीस वर्षे कचेरीत बिले तपासतो आहे, त्याने निवडले म्हणजे चोखच असणार, असा लोकांचा विश्वास. त्या विश्वासाचे काय झाले ते आज सांगणार आहे. दुसऱ्यांदा खरेदी करताना मी काय शिकलो, तेही सांगणार आहे. कारण आता आपल्या घराघरांत मोबाइलवरून खरेदी होते आणि दुकानदाराचा चेहरा कोणालाच दिसत नाही.

ही पोरे मोटारसायकलवरून घरोघरी जेवण आणि सामान पोचवतात. दहा-दहा तास रस्त्यावर असतात. ऑर्डर मोबाइलवर येते, रस्ता मोबाइल दाखवतो, पैसेही मोबाइलवरच. संध्याकाळी सातला ऐन धंद्याच्या वेळी बॅटरी संपली, की पोरगा चौकात उभा. हातात दुसऱ्याचे गरम जेवण आणि पत्ता मात्र बंद पडलेल्या फोनमध्ये. म्हणून ठरले की प्रत्येकाला एक पॉवर बँक घेऊन द्यायची. मी एका ऑनलाइन दुकानात शोधले. ‘३०,००० एमएएच’ लिहिलेली एक सापडली. ४,९९९ ची किंमत खोडून ५९९ केलेली, वर चांगले चार तारे. मी बारा मागवल्या.

तीन आठवड्यांत तक्रारी सुरू झाल्या. फोन एकदासुद्धा पुरता भरेना. एक पॉवर बँक तर पोट फुगून बसली. नाक्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या भाऊंनी एक उघडून दाखवली. आत चार नळकांडी होती. त्यांतली दोन खऱ्या सेलची, तीही जुनी वाटणारी, आणि दोन नळकांड्यांत चक्क वाळू भरलेली. भाऊ म्हणाले, "बाबूसाहेब, दोन्ही मिळून तीन हजाराच्या वर नाही हे." परत करण्याची मुदत सात दिवसांची होती. ती कधीच उलटून गेली होती.

शेजारच्या ताईंचा मुलगा, ज्याच्यासाठी हे सगळे सुरू झाले, तो काही बोलला नाही. नुसता "असू द्या काका" म्हणाला. त्या दोन शब्दांनी मला फार दिवस झोप लागली नाही.

इथे मला माझ्या नोकरीची पहिली वर्षे आठवली. २००१ साली मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, तेव्हा कचेरीत टंकयंत्रे अजून होती. एकदा लोखंडी कपाटांची खरेदी निघाली. नियमाप्रमाणे तीन कोटेशने आली, तीन वेगळ्या लेटरहेडांवर, तीन वेगळ्या सह्यांची. मी तुलनात्मक तक्ता करून सर्वांत कमी दर पुढे ठेवला. आमच्या हेडक्लार्कांनी तिन्ही कागद खिडकीच्या उजेडात धरले आणि म्हणाले, "दर नंतर बघ. आधी ‘र’ बघ." तिन्ही कागदांवर ‘र’ हे अक्षर ओळीच्या किंचित खाली उतरले होते. तिन्ही एकाच टंकयंत्रावर काढलेली. कोटेशने तीन, पण माणूस एकच. तुलना कसली करतोस?

हे मला ठाऊक होते आणि तरी मी मोबाइलच्या पडद्यावर ‘र’ बघायला विसरलो.

२०२४ च्या दिवाळीआधी पोरांनी पुन्हा विषय काढला. आता चौदा जण झाले होते. या वेळी मी शंभर पानी वही घेतली आणि तीन आठवडे कोणताही माल मागवला नाही. त्या दुकानावर पहिल्या पानात दिसणाऱ्या अकरा पॉवर बँका घेतल्या आणि प्रत्येकीला एक ओळ दिली. रकाने असे: नाव, मॉडेल नंबर, विक्रेता, क्षमता, वजन, खोडलेली किंमत, खरी किंमत, आणि शेवटी एक रुंद रकाना ‘लक्षात राहणारी वाक्ये’.

तो शेवटचा रकानाच आधी भरला. ‘उत्तम दर्जा’, ‘जलद चार्जिंग’ असले शब्द सगळेच लिहितात, त्यावरून काही ठरत नाही. पाहायचे ते विचित्र वाक्य, चुकीचे स्पेलिंग, अडखळलेली रचना. तिसऱ्या वस्तूच्या इंग्रजी वर्णनात मला ‘डिव्हाइसेस’ हा शब्द चुकलेला दिसला. त्यात सी हे अक्षर आयच्या आधी पडले होते. पाचव्या वस्तूत तीच चूक, सहाव्यातही तीच. मग मी माझ्या मुलीला बसवले. दुकानाच्या ॲपमध्ये मजकूर बोट दाबून उचलता येत नव्हता, म्हणून तिने तेच पान ब्राउझरमध्ये उघडले, वाक्य उचलले, दुहेरी अवतरणचिन्हात घालून साध्या शोधयंत्रात टाकले. अवतरणचिन्हे घातली की शोधयंत्र सुटे शब्द न शोधता ते वाक्य जसेच्या तसे शोधते. अकरापैकी सात वस्तूंमध्ये ते वाक्य त्याच चुकीसह निघाले. सात ब्रँड, सात वेगळी नावे, आणि पानाच्या तळाशी जिथे आयातदार किंवा पॅकरचे नाव-पत्ता असतो तिथे सातपैकी पाचांचा पत्ता एकच.

(हा तळाचा मजकूर बहुतेक जण वाचत नाहीत. मालाचे नाव, आयातदार किंवा उत्पादकाचे नाव-पत्ता, एमआरपी, मूळ देश ही माहिती ऑनलाइन विक्रीतही दाखवणे वैधमापनाच्या २०११ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. ज्या पानावर ही माहितीच नसेल, त्याला मी वहीत तिथेच काट मारली.)

आता एक गोष्ट नीट समजून घ्यावी. वाक्य सारखे आले म्हणजे लबाडी सिद्ध झाली, असे नाही. एकाच कंपनीचा एकच माल दहा विक्रेते विकत असले, तर दहाही पानांवर कंपनीनेच लिहिलेला मजकूर येणार. पण तिथे मॉडेल नंबरही एक असतो आणि आकडेही एक असतात. आमच्या सातांचे तसे नव्हते. वाक्य एक, फोटोतला डबा एक, फक्त त्यावरचे नाव बदललेले. आणि क्षमता मात्र कोणाची २०,०००, कोणाची ३०,०००, कोणाची ५०,०००. डबा तोच असेल तर आतला माल अडीचपट कसा होईल? एका पानावर तर शीर्षकात २०,००० होते आणि खाली वर्णनाच्या चौथ्या ओळीत १०,०००. जुना मजकूर उचलताना तेवढा आकडा बदलायचा राहून गेला होता. बिलात वरची बेरीज आणि खालची बेरीज जुळली नाही की आपण काय करतो? बिल परत पाठवतो.

दुसरा रकाना वजनाचा. याच्यासाठी थोडे गणित सांगतो, घाबरू नका.

‘एमएएच’ म्हणजे बॅटरीत वीज किती मावते त्याचे माप. पण हा आकडा आतल्या सेलचा असतो आणि सेलचा दाब साधारण ३.७ व्होल्ट असतो. फोनला यूएसबीतून जाते ते ५ व्होल्टने. त्यामुळे नुसते एमएएच बघून फसगत होते. खरे माप वॅट-अवर. एमएएचला ३.७ ने गुणून १,००० ने भागले की ते मिळते. १०,००० च्या पॉवर बँकेचे ३७ वॅट-अवर. ५०,००० च्या बँकेचे १८५. विमानात परवानगीशिवाय १०० वॅट-अवरपर्यंतच नेता येते आणि विमान कंपनीच्या परवानगीने १६० पर्यंत. म्हणजे जाहिरातीत ‘विमानप्रवासाला योग्य’ लिहिलेली ती ५०,००० ची बँक आपलाच आकडा खरा मानला, तर विमानात चढूच शकत नव्हती. हे वाक्यही सातही पानांवर होते.

आता वजन. आपल्या बोटाएवढा जो गोल सेल असतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, त्याचे वजन साधारण ४५ ग्रॅम भरते. चांगल्यात चांगल्या सेलमध्येही ३,५०० एमएएचच्या आसपास मावते, साध्यात दोन-अडीच हजार. तेव्हा ५०,००० भरायला अगदी उत्तम सेल घेतले तरी पंधरा लागतील. पंधरा गुणिले ४५ म्हणजे पावणेसातशे ग्रॅम, तेही डबा आणि सर्किट न धरता. पानावर लिहिलेले वजन होते २१० ग्रॅम. आमची पहिली फसवणूक, ती ३०,००० ची, तिचे लिहिलेले वजन २४० ग्रॅम होते. तिला उत्तम सेल नऊ लागले असते, म्हणजे चारशे ग्रॅमच्या वर. हे पानावरच छापलेले होते हो! मी वाचले नव्हते, एवढेच. चपट्या सेलच्या पॉवर बँका थोड्या हलक्या असतात, पण माझा अंदाज असा बसला आहे की दर १०,००० एमएएचमागे दीडशे ग्रॅमपेक्षा कमी वजन लिहिले असेल तर पान पुढे वाचूच नये.

मात्र उलट धरू नका. वजन भरपूर आहे म्हणून माल खरा, असे होत नाही. आमच्या नळकांड्यांतली वाळू उगाच नव्हती भरलेली. कमी वजन खोटेपणा दाखवते. जास्त वजन काहीच दाखवत नाही.

तिसरा भाग किमतीचा. कॉस्टिंगच्या पेपरात आम्हाला शिकवले होते की एकूण किमती शेजारी ठेवून काही कळत नाही, नगाचा दर काढावा. मी किमतीला वॅट-अवरने भागले. ज्या वस्तूंची बाकीची माहिती जुळत होती त्यांचा दर वॅट-अवरला २७ ते ३४ रुपये येत होता. १०,००० ची एक १,०९९ ला होती, म्हणजे सुमारे ३० रुपये. दुसरी १,२४९ ला, म्हणजे ३४ च्या जवळ. आणि आमच्या एका टंकयंत्राच्या सात कोटेशनांचा दर? ५०,००० ची बँक ८९९ ला, म्हणजे ४ रुपये ८६ पैसे. २०,००० ची ४९९ ला, म्हणजे पावणेसात रुपये. बाजारात ३० ला मिळणारी वस्तू कोणी ५ ला देत असेल, तर तो दानशूर तरी असावा किंवा ती वस्तू वेगळी असावी. स्वस्त माल वाईटच असतो असे मी म्हणत नाही, आपण सारे स्वस्तच घेतो. पाच-दहा टक्के इकडेतिकडे होतील. सहापट होत नाहीत.

खोडलेल्या किमतीवर मी तीन आठवडे नजर ठेवली. दर रविवारी सकाळी नोंद. सातपैकी एकीची विक्रीची किंमत तीनही रविवारी ६४९ च होती. पहिल्या रविवारी तिच्यावर २,९९९ खोडलेले होते. तिसऱ्या रविवारी सणाची ‘महाबचत’ लागली तेव्हा ४,९९९ खोडलेले. सूट वाढली, किंमत जागची हलली नाही. पोरांना मी वही दाखवली तेव्हा एक जण हसून म्हणाला, "काका, म्हणजे बचत आपली नाही, त्यांच्या रंगाची झाली." वही नसती तर हे दिसलेच नसते, कारण पान कालचे काय होते ते सांगत नाही.

लोकांचे अभिप्रायही वाचले, पण तारे मोजून नव्हे. एका पॉवर बँकेखाली लोकांनी लिहिले होते, ‘आवाज स्वच्छ आहे’, ‘कानाला दुखत नाही’. आधी मला वाटले, लोक चेष्टा करतात. मग मुलीने सांगितले की त्या पानावर पूर्वी इअरफोन विकला जात असणार. पान तेच ठेवून वस्तू बदलली, म्हणजे जुन्या मालाचे तारे नव्या मालाला फुकट मिळाले. तेव्हापासून मी सर्वांत आधी दोन आणि तीन तारेवाले अभिप्राय वाचतो आणि त्यातही महिनाभर वापरून लिहिलेले. पाच तारेवाला बहुतेक वेळा खोके उघडल्याबरोबर लिहितो.

सात गेल्या, राहिल्या चार. पॉवर बँकेला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. तिच्या अंगावर R- आणि पुढे आठ आकडे छापलेले असतात. ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपमध्ये तो नंबर टाकला की उत्पादक कोण, वस्तू कोणती, ब्रँड आणि मॉडेल कोणते ते दिसते. नुसता नंबर सापडला म्हणून समाधान मानू नये. एका बँकेच्या फोटोत नंबर ठळक होता, ॲपमध्ये सापडलाही, पण तो भलत्याच कंपनीच्या चार्जरचा निघाला. दुसऱ्याची सालबारी आपल्या नावावर लावण्यातला प्रकार. ती गेली. एकीवर वजनच लिहिले नव्हते, तीही सोडली. उरल्या त्या दोन, १,०९९ ची आणि १,२४९ ची. दोन्हींच्या अंगावर बारीक अक्षरात दुसरा आकडाही छापलेला होता. ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून ५ व्होल्टला सहा हजारांच्या आसपास. हा लहान आकडा लिहिणारा कारखाना मला बरा वाटला. कारण ३७ वॅट-अवरला ५ ने भागले की ७,४०० येतात, आणि त्यातला काही भाग आतल्या आत उष्णतेत जातोच. ५,००० च्या बॅटरीचा फोन अशा बँकेने दीड वेळा भरतो. जो ‘तीन वेळा’ म्हणतो तो आपल्याला हिशेब येत नाही असे धरून चालला आहे.

चौदा एकदम मागवल्या नाहीत. आधी एकच नमुना. तो आला त्याच संध्याकाळी दुरुस्तीवाल्या भाऊंकडे नेला. त्यांच्याकडे यूएसबीचा लहानसा मीटर आहे, फोन आणि बँकेच्या मध्ये लावायचा. पूर्ण भरलेली बँक रिकामी होईपर्यंत किती वीज बाहेर आली, ते तो मोजतो. या कामाला वेळ लागतो, भाऊंनी दुकान बंद करताना लावून ठेवले आणि सकाळी पाहिले. आकडा ६,०४० आला. छापलेल्या ६,२०० पेक्षा थोडा कमी, पण एवढा फरक मीटरचा आणि वायरीचाही असू शकतो. खोक्यावरची एमआरपी आणि पानावर खोडलेली किंमतही जुळली. मग उरलेल्या तेरा मागवल्या आणि आल्या दिवशीच सगळ्यांची खोकी उघडली, मुदतीची तारीख वहीत लाल शाईने लिहून. तेरापैकी एक बँक चार्जच होईना. ती चौथ्या दिवशी बदलून मिळाली. चांगल्या मालातही एखादा नग असा निघतो.

हिशेब असा: चौदा नग, दर १,०९९, एकूण १५,३८६ रुपये. पोरांचे प्रत्येकी ८०० प्रमाणे ११,२०० आणि मंडळाचे ४,५००. शिल्लक ३१४ रुपये मंडळाच्या वहीत जमा. जुन्या बारांबद्दल ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली. वस्तूचा फोटो, पानाचा फोटो आणि उघडलेल्या बँकेचा फोटो दिला. पण तेव्हा पानाचा फोटो मी काढलाच नव्हता. मिळाला तो नंतरचा, आणि त्यावर २०,००० लिहिलेले. विक्रेत्याने मधल्या काळात आकडा बदलला होता. पैसे परत आले नाहीत. आता मी मागवण्याआधी पानाचा फोटो काढतो, वरपासून तळापर्यंत, पत्त्यासह.

परवा शेजारच्या ताईंचा मुलगा घरी आला. हातात मोबाइल, त्यावर एक सौर दिवा. ‘४०० वॅट, फक्त ६९९.’ त्याच्या आईला शेळ्यांच्या गोठ्यासाठी, गावी पाठवायचा होता. मी वही काढायला उठलो तर तो म्हणाला, "बसा काका, मी बघितलंय. वरची सोलरची पाटी वीतभर सुद्धा नाही. आणि खालचं वाक्य आणखी नऊ ठिकाणी आहे."

"मग?"

"मग काही नाही. गावातल्या दुकानात विचारायला सांगितलंय आईला."